सोयावडी म्हणजे तेल काढलेला चोथा का?

‘सोयावडी म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, त्यात काही सत्त्व नसते, आणि रोज खाल्ली तर अपायच होतो, हे खरे आहे का?’

पहिला भाग खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सोयाबीनची टरफले काढून, दाणे चपटे करून, सहसा हेक्झेन या द्रावकाने तेल वेगळे केले जाते. मग उष्णतेने द्रावक काढून टाकून उरलेल्या भागाचे पीठ करतात. हे पीठ पाण्यासह दाब आणि उष्णता देऊन साच्यातून बाहेर ढकलले, की आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुगते, आणि म्हणूनच वडी सच्छिद्र असते. तेल गेले तरी प्रथिने पिठातच राहतात, किंबहुना त्यांचे प्रमाण वाढते: 100 ग्रॅम कोरड्या वडीत सुमारे 50 ग्रॅम.

मात्र हा आकडा कोरड्या वडीचा आहे, हे अनेकदा विसरले जाते. 30 ग्रॅम वडी भिजून साधारण 90 ग्रॅम होते, पण प्रथिने 15 ग्रॅमच राहतात.

निरोगी प्रौढाने रोज एवढी वडी खाण्यात गैर नाही, फक्त डाळी व इतर प्रथिने ताटातून हद्दपार होऊ नयेत. पोट फुगत असेल तर प्रमाण कमी करावे. सोयाची ॲलर्जी असल्यास ती पूर्ण टाळावी. थायरॉईडसाठी लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयामुळे त्या औषधाचे शोषण घटू शकते.