‘पुरुषांचा मेनोपॉज’ हा समज कुठून आला?

चिडचिड वाढली, बायकोजवळ जावंसं वाटेना, सकाळी उठल्यावरची ताठरता कमी झाली, की पंचेचाळिशीतल्या माणसाला कुणीतरी सांगतं, ‘अहो, पुरुषांचाही मेनोपॉज असतो.’ ही कल्पना जुनी आहे आणि तिच्यात थोडं तथ्यही आहे. पण ‘मेनोपॉज’ हा शब्द मात्र चुकीचा आहे. बाईच्या बाबतीत अंडाशयाचं काम काही वर्षांत थांबतं आणि मासिक पाळी जाते. पुरुषाच्या वृषणांचं काम असं थांबत नाही. टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर दर वर्षी साधारण एक टक्क्याने उतरतं, आणि कित्येकांचं सत्तरीतही पुरेसं असतं.

सुरुवात झाली 1889 साली. बहात्तर वर्षांचे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार यांनी कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि ताकद परत आल्याचं पॅरिसच्या सभेत जाहीर केलं. त्या पाणीदार अर्कात टेस्टोस्टेरॉन जवळपास नसणार, कारण ते पाण्यात फारसं विरघळतच नाही. त्यांना जाणवलेली तरतरी अपेक्षेतून आली असावी. तरी ‘म्हातारपण म्हणजे संप्रेरकाची कमतरता’ ही कल्पना लोकांच्या मनात बसली. 1935 मध्ये खरं टेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं, प्रयोगशाळेत बनवलंही गेलं, आणि लगेच ते देण्यासाठी आजार शोधले जाऊ लागले.

या प्रश्नाला शिस्त लावली ती 1944 मध्ये हेलर आणि मायर्स या अमेरिकन संशोधकांनी. अशाच तक्रारी घेऊन आलेल्या पुरुषांच्या लघवीत त्यांनी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची वृषणांना काम सांगणारी संप्रेरकं मोजली. वृषणं थकली असतील तर पिट्युटरी जोरात हाका मारते, म्हणजे ही संप्रेरकं वाढतात. ती वाढलेल्यांना टेस्टोस्टेरॉनने फरक पडला. ज्यांची वाढलेली नव्हती, त्यांच्या तक्रारींचं मूळ दुसरीकडे होतं. वृषणांचा खरा थकवा विरळ, हा त्यांचा निष्कर्ष. 2010 साली युरोपात 40 ते 79 वयाच्या तीन हजारांवर पुरुषांच्या पाहणीतही लक्षणं आणि कमी टेस्टोस्टेरॉन यांची सांगड फक्त दोन टक्क्यांच्या आसपास पुरुषांत लागली. तिथे नेमकी उपयोगी ठरलेली लक्षणं तीनच होती: सकाळची ताठरता कमी होणं, इच्छा कमी होणं, आणि संबंधाच्या वेळी ताठरता न टिकणं. नुसता थकवा किंवा उदासपणा यांवरून निदान होत नाही.

आजही गल्लत होते ती रक्त कधी दिलं यावरून. सोलापुरात समजा सत्तेचाळीस वर्षांचा माणूस यंत्रमागावर रात्रपाळी करतो. पाळी सुटल्यावर चहा-नाश्ता करून, न झोपता, तो लॅबमध्ये रक्त देतो. रिपोर्ट येतो 255 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि तो हादरतो. पण टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं, झोपून उठल्यावर जास्त असतं आणि खाल्ल्यावर उतरतं. म्हणजे त्याचा हा नमुना जवळजवळ सगळ्यात वाईट वेळेचा. आठवडाभर दिवसपाळी, रात्री नीट झोप, आणि मग उपाशीपोटी सकाळी आठला तीच तपासणी केली तर आकडा 390 येऊ शकतो. तो ठीक आहे. म्हणूनच निदानासाठी वेगवेगळ्या दिवशी, सकाळी सात ते दहाच्या दरम्यान उपाशीपोटी दोन नमुने लागतात. ताप किंवा आजारपण असेल तर तपासणी पुढे ढकलावी.

मग त्याची इच्छा का गेली? सुटीच्या दिवशी सकाळी ताठरता येते का, हा त्याला विचारण्याचा पहिला प्रश्न. येत असेल तर शरीराची यंत्रणा बहुतेक शाबूत आहे. अशा वेळी झोपमोड, नैराश्य, मधुमेह, घोरण्याबरोबर श्वास अडणं, आणि रक्तदाबाच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या यांकडे पाहावं लागतं. पोट सुटलेल्या माणसाचा एकूण आकडा कमी दिसतो, कारण टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन कमी झालेलं असतं. मोकळं, म्हणजे त्या प्रथिनाला न चिकटलेलं टेस्टोस्टेरॉन तपासलं तर ते कित्येकदा बरोबर निघतं.

इथे घाईने इंजेक्शन घेतलं तर खरं नुकसान होतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी गप्प होते, वृषणं काम कमी करतात आणि शुक्राणू घटतात. मूल हवं असलेल्याने ते घेऊच नये. रक्तही दाट होतं. ज्याचे दोन्ही नमुने 264 च्या खाली आहेत, वरची लक्षणंही आहेत आणि पिट्युटरीचं एलएच, म्हणजे वृषणांना काम सांगणारं संप्रेरक, वाढलेलं आहे, त्याची कमतरता खरी. त्याला उपचार मिळाले पाहिजेत. मात्र हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण सुरुवातीला आणि मग तीन ते सहा महिन्यांनी तपासायचं, आणि ते 54 टक्क्यांवर गेलं तर औषध थांबवायचं. एलएच कमी किंवा ‘नॉर्मल’ असूनही टेस्टोस्टेरॉन कमी असेल, तर दोष वृषणात नसून वर मेंदूकडे किंवा एखाद्या दुसऱ्या आजारात असू शकतो, आणि पुढची तपासणी प्रोलॅक्टिन या पिट्युटरीच्याच दुसऱ्या संप्रेरकाची.