अनुवादित कादंबरीतील बोलीसंवाद (मालवणी)

परभाषेतील कादंबरी मराठीत आणताना मूळ पुस्तकातील गावकऱ्यांच्या बोलीसाठी मराठीची एखादी बोली योजण्याची पद्धत. कथा समुद्रकाठच्या गावात घडत असेल, तर अनुवादकाचे लक्ष साहजिकच कोकणाकडे जाते. मात्र ‘कोकणातली बोली’ अशी एकच बोली अस्तित्वात नाही. पालघर-रायगडच्या किनाऱ्यावर आगरी, कोळी आणि वाडवळी बोलतात, रत्नागिरीच्या अंतर्भागात संगमेश्वरी ऐकू येते आणि सिंधुदुर्गात मालवणी. या बोलींतली रूपे एकमेकींत मिसळून केलेली ‘कोकणी भाषा’ कोणत्याच गावात बोलली जात नाही. वाचकाला सर्वांत परिचित असल्याने मालवणीची निवड अधिक होते आणि अनुवादातल्या अडचणीही तिच्यात ठळक दिसतात. म्हणून ही नोंद तिच्यापुरती आहे.

बोली छापताना दोन धोके असतात. वाचक बोलणाऱ्याला हसतो, किंवा त्याला बोलणे कळत नाही. मालवणीत या दोन्हींचे मूळ बरेचदा एकच असते. या बोलीची कित्येक रूपे प्रमाण मराठीतही आढळतात, पण तिथे त्यांचा अर्थ निराळा असतो. प्रमाण मराठीत आकारान्त असणारे पुल्लिंगी रूप मालवणीत ओकारान्त होते : माझो, बरो, घोडो. प्रमाण मराठीत ‘माझं’, ‘खळं’ असे उच्चारले जाणारे नपुंसकलिंगी रूप मालवणीत आकारान्त होते : माझा, खळा. त्यामुळे मालवणी माणूस ‘माझा घर’ म्हणतो तेव्हा तो व्याकरण काटेकोर पाळत असतो, पण नागपूरच्या किंवा पुण्याच्या वाचकाला तिथे लिंगाची चूक दिसते. ‘चेडू’ म्हणजे मुलगी. हा शब्द नपुंसकलिंगी असल्याने ‘ता चेडू खय गेला?’ हे वाक्य अगदी शुद्ध आहे. बाहेरच्या वाचकाला मात्र मुलीबद्दल ‘गेला’ म्हणणारे पात्र अडाणी वाटते. नियम चूक म्हणून वाचला गेला की चेष्टा सुरू होते, मग लेखकाच्या मनात ती असो वा नसो.

क्रियापदांत घोटाळा याहून मोठा आहे. मालवणीत ‘तो गेलो’ आणि ‘मी गेलंय’ अशी रूपे होतात. प्रमाण मराठीत ‘गेलो’ म्हणजे मी गेलो, आणि ‘गेलंय’ हे तिसऱ्याच कुणाबद्दलचे बोलणे. दोन्ही रूपे ओळखीची असल्याने वाचक अडखळत नाही, तो चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो. अनोळखी शब्दावर वाचक निदान थांबतो, संदर्भ शोधतो. ओळखीचे रूप फसवते तेव्हा त्याला पत्ताही लागत नाही. खून, बेपत्ता माणूस किंवा बुडालेली होडी असलेल्या कथानकात कोण गेले हेच उलटसुलट झाले, तर पुढची पन्नास पाने वाचक भलत्या समजुतीवर वाचतो.

अनुवादकापुढचे पर्याय पाहण्यासाठी नमुन्यादाखल रचलेला एक प्रसंग घेऊ. मासेमारांच्या गावातली म्हातारी शहरातून आलेल्या अधिकाऱ्याला सांगते आहे. प्रमाण मराठीत तिचे म्हणणे असे : ‘माझा मुलगा रात्री होडी घेऊन गेला, अजून आलेला नाही. सून सकाळपासून किनाऱ्यावर उभी आहे. तुम्हाला काय सांगू?’

सवयीने हात चालला तर पहिल्या खर्ड्यात असे काही उतरते : ‘माजा पोरगा राच्याला व्हडी घिऊन ग्येला, अजून आला न्हाई. सून सकाळधरनं किनाऱ्याव हुबी हाय. तुमास्नी काय सांगू?’ वाचायला सोपे आहे, पण ही घाटावरची भाषा आहे, आणि तीही कोल्हापूर-साताऱ्याची नेमकी बोली नसून ग्रामीण कथा आणि तमाशापट यांतून घडलेले साचेबंद ‘गावरान’. मालवणच्या वाचकाला ती होडी क्षणात पाण्याबाहेर काढल्यासारखी वाटेल. शिवाय ‘ग्येला’, ‘व्हडी’ अशी वाकवलेली अक्षरे बोलीच्या व्याकरणाविषयी काहीच सांगत नाहीत, बोलणारा शिकलेला नाही एवढेच ती सुचवतात. उच्चार तोच असताना नुसती अक्षरे बिघडवून ‘बोली’ दाखवण्याच्या युक्तीला जॉर्ज क्रॅप या अमेरिकी भाषाभ्यासकाने १९२५ मध्ये ‘आय डायलेक्ट’ असे नाव दिले, म्हणजे कानाला फरक नाही, फक्त डोळ्याला. मराठीत याचा सरळ मासला ‘म्हंजे’ हा आहे. पुण्याचा प्राध्यापकही बोलताना ‘म्हंजे’च म्हणतो. तो उच्चार पुस्तकात फक्त मच्छीमाराच्या तोंडी छापायचा आणि प्राध्यापकाला ‘म्हणजे’ द्यायचा, यात पक्षपात उघड आहे.

दुसरा पर्याय संपूर्ण मालवणीचा : ‘माझो झील राती होडी घेवन गेलो, अजून येवक नाय. सून सकाळपासना दर्यार उबी आसा. तुमका काय सांगू?’ बोली अस्सल आहे, पण दोन जागी बाहेरचा वाचक घसरेल. ‘झील’ म्हणजे मुलगा हे माहीत नसेल तर ‘गेलो’ हे रूप म्हातारीचेच की काय असा संशय येतो. ‘येवक नाय’ म्हणजे अजून आलेला नाही. रूपाच्या साम्यावरून वाचक त्याचा अर्थ ‘यायचे नाही’ असा लावण्याची शक्यता आहे. शंभर पानांच्या संवादात अशा जागा दर पानावर येतील.

तिसरा खर्डा निवडीचा : ‘माझो झील रात्री होडी घेवन गेलो, तो अजून इलो नाय. सून सकाळपासून किनाऱ्यार उभी आसा. तुमका काय सांगू?’ यात ठेवले काय आणि सोडले काय, हे पाहण्यासारखे आहे. ‘माझो’, ‘गेलो’, ‘इलो’, ‘किनाऱ्यार’, ‘आसा’, ‘तुमका’ ही व्याकरणाची रूपे ठेवली, कारण बोलीचा कणा तिथे आहे आणि ती पुन्हा पुन्हा आल्याने वाचक चार पानांत सरावतो. ‘सकाळपासना’, ‘उबी’, ‘राती’ ही नुसती उच्चाराची वळणे सोडली. ‘येवक नाय’च्या जागी ‘इलो नाय’ घेतले. तेही मालवणीच आहे, पण वाचकाला झेपणारे. वाक्यात ‘तो’ मुद्दाम घातला, म्हणजे ‘इलो’ कुणाचे याविषयी शंका उरत नाही. सर्वनाम न गाळणे हा या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय म्हणता येईल. ‘झील’ साठी तळटीप लागत नाही. त्याआधीच्या निवेदनात ‘म्हातारीच्या मुलाची चौकशी करायला अधिकारी आला होता’ एवढे वाक्य असले की पुरते. मुळात ते नसेल, तर अनुवादकाने तेवढी भर घालावी. भावनेच्या ऐन क्षणी तळटिपेकडे उतरायला लावणे त्याहून वाईट.

निवड सोपी होण्यास मराठीची लेखनपद्धतीही मदत करते. १९६२ मध्ये राज्य शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ अशी अनुस्वाराची आणि एरवी ‘असे केले’ अशी रूपे लिहिण्याची मुभा आहे. म्हणजे अनुवादकाच्या हाती तीन पायऱ्या आयत्याच असतात : निवेदनात ‘केले’, शहरी पात्राच्या तोंडी ‘केलं’ आणि गावकऱ्याच्या तोंडी ‘केला’. एकही अक्षर न बिघडवता अंतर दिसते. अनुवादक पुष्कळदा निवेदनातही ‘केलं’ लिहून मधली पायरी वाया घालवतात. मग बोलीला वेगळे दिसण्यासाठी जास्त गडद व्हावे लागते.

हसण्याचे आणखी एक कारण मराठीच्या घरचेच आहे. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने मालवणी मराठीभर पोहोचली. बोलीला प्रतिष्ठा मिळाली, पण मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाचा कान त्याबरोबर विनोदासाठीच तयार झाला. आजही अनेकांना मालवणीचा पहिला शब्द ऐकताच हसू फुटते. अनुवादकाला ही सवय गृहीत धरावी लागते. पुस्तकातले बोलीचे पहिले वाक्य शिवीचे, भांडणाचे किंवा दारूच्या गुत्त्यावरचे असले, तर पुढे त्याच माणसाच्या घरी मृत्यू झाला तरी वाचक गंभीर होत नाही. मूळ क्रम बदलता येत नाही हे खरे, पण पहिल्या प्रसंगात बोली फिकी ठेवणे अनुवादकाच्या हाती असते. ‘मेल्या’ सारखे संबोधन मालवणीत रागाने येते तसे मायेनेही येते. बाहेरच्या वाचकाला त्यातली माया ऐकू येत नाही, म्हणून सुरुवातीच्या पानांत ‘रे’, ‘गो’ यांवर भागवणे बरे.

बोली कुणाच्या तोंडी द्यायची, हा प्रश्न भाषेइतकाच समाजाचा आहे. सिंधुदुर्गात मालवणी फक्त गरिबाची नाही. जमीनदार, भट, गाबीत, भंडारी सगळे घरी ती बोलतात. मुळातली बोली गाव आणि शहर यांतले अंतर दाखवत असेल, तर मालवणी तिथे बसते. मुळात एकाच गावातल्या मालक आणि नोकर यांतला फरक बोलीने दाखवला असेल, तर नोकराला मालवणी आणि मालकाला प्रमाण मराठी देणे कोकणच्या वाचकाला खोटे वाटते. तिथे दोघांनाही ‘केलं’ची मराठी देऊन फरक संबोधनांत, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत आणि वाक्ये कोण अर्धी सोडतो यात दाखवावा. सगळीच पात्रे गावची असतील आणि कथेत बाहेरचे कुणी येतच नसेल, तर बोलीची गरजच उरत नाही. त्या माणसांना आपली भाषा बोली वाटत नसते.

मालवणीबरोबर मालवणही येते, ही या पद्धतीची खरी मर्यादा. परदेशी किनाऱ्यावरची म्हातारी ‘माझो झील’ म्हणाली तर वाचक तेवढी कल्पना मान्य करतो. तीच रवळनाथाची आण घालू लागली, गाऱ्हाणा घालून ‘व्हय म्हाराजा’ म्हणू लागली किंवा रापण ओढायला निघाली, तर तो देश नाहीसा होतो. त्यामुळे व्याकरण मालवणीचे घ्यावे, पण देव, सण, जेवण, जाळी आणि शिव्या मुळातल्या ठेवाव्यात. ‘शिरा पडो तुझ्या तोंडार’ ही शिवी कितीही मोहात पाडणारी असली तरी ती सिंधुदुर्गाचीच आहे.

छापखान्यात जाईपर्यंत या सगळ्याला खरा धोका मुद्रितशोधनाचा असतो. मुद्रितशोधक सवयीने ‘माझा घर’चे ‘माझं घर’ करतो, दहा ठिकाणी करतो आणि पाच ठिकाणी राहून जाते. त्यानंतर पात्र खरोखरच चुकीचे बोलू लागते, कारण रूप एकदा एक आणि एकदा दुसरे आले की त्यात नियम उरत नाही. मालवणीचे सर्वमान्य शुद्धलेखन नाही. ‘माझो’ आणि ‘माजो’ दोन्ही लिहिणारे आहेत. म्हणून अनुवादकाने निवडलेल्या दहा-बारा रूपांचा एक तक्ता (माका, तुका, माझो-माझी-माझा, गेलो-गेली-गेला, मी गेलंय, आसा, नाय, खय, करूक) हस्तलिखिताला जोडावा आणि त्याबाहेरचे रूप आले तर प्रमाण मराठी ठेवण्याची सूचना द्यावी.

तपासणीसाठी दोन वाचक पुरतात. एक मालवणी बोलणारा, जो संवाद मोठ्याने वाचेल. त्याची जीभ जिथे अडते तिथे रूप बनावट आहे. दुसरा विदर्भातला किंवा मराठवाड्यातला, ज्याने प्रसंग वाचून फक्त सांगायचे, कोण गेले, कुणी पाहिले, कोण परत आले नाही. त्याला ‘भाषा आवडली का’ असे विचारू नये. तो हो म्हणतो, आणि होडी म्हातारीने नेली असे समजून बसलेला असतो.