"मानलं तुम्हाला काका": कौतुक आहे की टोमणा, मेसेजवरून ओळखायचं कसं

मेसेज असा आहे: "एवढं सगळं एकट्यानं करून टाकलं, मानलं तुम्हाला काका 🙏"

नागपूरच्या मनीष नगरातली बारा फ्लॅटची एक बिल्डिंग धरून चला, मे महिना, ऊन चव्वेचाळीसच्या वर, आणि पाऊस यायच्या आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकायचं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ते उरकलं, फोटो ग्रुपवर टाकले, आणि त्या फोटोंखाली तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा हा मेसेज आला. आता काकांनी खुश व्हायचं की अपमान गिळायचा? नुसत्या मेसेजकडे दिवसभर बघत बसले तरी कळणार नाही, कारण उत्तर मेसेजमध्ये नाहीच आहे, ते त्याच्या आधी काय घडलं त्यात आहे.

म्हणून दोन बिल्डिंगा घ्या, मेसेज अक्षरशः तोच.

पहिल्या बिल्डिंगमध्ये एप्रिलमध्येच मीटिंग झाली होती, तीन कोटेशन सगळ्यांनी बघितली, एक ठरलं, आणि "काका तुम्ही बघून घ्या, आम्ही सुट्ट्यांत गावी चाललो" असं सगळ्यांनी मिळून काकांवर सोपवलं. काका रोज सकाळी सहाला गच्चीवर, कारण दहानंतर तिथं पाय ठेवता येत नाही. ताई तेव्हा पुण्याला आईकडे, परत आल्या तर काम झालेलं. इथं "एकट्यानं" म्हणजे खरंच एकट्यानं, आणि "मानलं" म्हणजे मानलं.

दुसऱ्या बिल्डिंगमध्ये दहा दिवसांआधी ताईंनीच ग्रुपवर लिहिलं होतं, "काका कोटेशन इथं टाका नं, मग ठरवू". काकांचं उत्तर, "हो हो, सगळ्यांना विचारूनच करू". त्यानंतर ग्रुपवर काहीच नाही, आणि एक दिवस थेट गच्चीचे फोटो, सोबत दर फ्लॅटमागे साडेसहा हजारांचं बिल. आता तोच "एकट्यानं" वाचा. तो काकांच्या "सगळ्यांना विचारूनच" या शब्दांवर जाऊन बसतो. ताई काकांचं वाक्य त्यांनाच परत ऐकवून राहिल्या.

हे परत ऐकवणं हाच उपरोधाचा गाभा आहे असं डॅन स्पर्बर आणि डियर्ड्रा विल्सन या भाषेच्या अभ्यासकांनी 1981 मध्ये मांडलं. त्याआधी सगळे म्हणायचे की उपरोध म्हणजे बोलतो त्याच्या उलट अर्थ, पण तेवढ्यानं भागत नाही. दुसऱ्या बिल्डिंगमध्ये ताईंचं वाक्य खोटं कुठंय? काकांनी खरंच एकट्यानं केलं. उलट अर्थ शोधायला गेलात तर हातात काही लागत नाही, आणि कोणाचं बोलणं परत ऐकवलं जातंय हे शोधलं तर लगेच लागतं. म्हणून शंका आली की पहिलं काम एकच, ग्रुप वर सरकवा आणि बघा की या मेसेजमधला एखादा शब्द आधी कोणी बोललं होतं का, कोणी कबूल केलं होतं का, आणि मग ते मोडलं का. तिन्हीला हो आलं तर टोमण्याची शक्यता खूप वाढते. काहीच सापडलं नाही तर कौतुक समजायला हरकत नाही, पण एक अट आहे.

अट अशी की काही गोष्टी कोणी बोलायची गरजच नसते, त्या सगळ्यांनी धरलेल्याच असतात. वेळेवर यावं, केलेलं काम नीट करावं, घरी आलेल्याला चहा विचारावा. सीताबर्डीला सहाला भेटायचं ठरलं आणि मित्र पावणेसातला आला, तर "वा, काय वेळेवर आला भाऊ" हा टोमणा व्हायला आधीच्या कुठल्या मेसेजची गरज नाही, वेळेवर येण्याची अपेक्षाच इथं परत ऐकवली जाते. उलटं करून बघा. मित्र बरोबर सहाला आला आणि तुम्ही लिहिलं "किती उशीर केला", तर तो गोंधळेल, कारण उशिराची अपेक्षा कोणी केलीच नव्हती. हां, आदल्या दिवशी तुम्ही म्हणाला असाल की हा नक्की उशिरा येणार, तर मग हे जमतं. क्रूझ आणि ग्लक्सबर्ग या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये हा फरक तपासला आणि तो व्यवहारात फार कामाचा आहे: गोड शब्दात टोमणा कधीही मारता येतो, कडू शब्दात कौतुक करायचं तर आधी काहीतरी घडलेलं लागतं. म्हणजे शंका जास्त करून गोड मेसेजवरच घ्यायची असते, कडू मेसेज बहुतेक वेळा खरोखरच कडू असतो. (नागपुरातले जुने दोस्त एकमेकांना "काहून बे" म्हणून जे काही ऐकवतात ते वेगळं, तिथं वर्षानुवर्षांचं काहीतरी आधी घडलेलं असतंच.)

आता मेसेजच्या आत काही खुणा असतात का? असतात, पण त्या एकट्यानं भरवशाच्या नाहीत. मराठीत सगळ्यात चांगली खूण मला वाटते ती तू-तुम्हीची. जी बहीण रोज "येतो का रे" लिहिते तिनं अचानक "आपण येणार आहात का महाराज" लिहिलं तर काहीतरी बिनसलंय. पण ही खूण त्या माणसाच्या रोजच्या सवयीशी ताडूनच वापरायची. ताई काकांना कायमच तुम्ही म्हणतात, त्यामुळे आपल्या मेसेजमध्ये ती खूण मुकीच आहे. "वा", "फारच", "एवढं", "धन्य" हे शब्द मराठी माणूस मनापासून कौतुक करताना पण वापरतो आणि चिमटा काढताना पण, त्यावरून ठरवू नका. 🙏 चं तेच. 🙂 चं तर वयावर अवलंबून आहे, साठीतली मावशी तो साधं हसू म्हणून टाकते आणि तिची कॉलेजातली भाची तो वाचून घाबरते.

पूर्णविरामाचं पण असंच. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात 126 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, त्यात एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं, आणि गंमत म्हणजे हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसं वाटलं नाही. पण ते विद्यार्थी होते आणि मेसेज इंग्रजी होते. निवृत्त शिक्षक "ठीक." लिहितात कारण वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायचा असं त्यांनी आयुष्यभर शिकवलंय.

खुणांपेक्षा एक गोष्ट जास्त कामाची, तपशील कशाचा आहे ते बघा. मनापासून कौतुक करणारा माणूस कामाकडे बघतो: "पाण्याच्या टाकीखालची भेग पण भरली, बरं झालं, आमच्या बेडरूममध्ये तिथूनच गळायचं". टोमणा मारणारा कामाकडे बघतच नाही, तो वागण्याकडे बघतो: एकट्यानं, कोणालाही न विचारता, स्वतःच्या मर्जीनं. दोन्हीत तपशील असू शकतो, पण एकात गच्ची दिसते आणि दुसऱ्यात काका दिसतात. आपल्या मूळ मेसेजमध्ये गच्चीबद्दल एक शब्द नाही हे आता लक्षात येईल. तेवढ्यानं टोमणा सिद्ध होत नाही, पहिल्या बिल्डिंगमधल्या ताई घाईत असतील, पण पारडं थोडं झुकतं.

आणि स्वतःच्या खात्रीवर तर अजिबात जाऊ नका. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये छापलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी एकमेकांना काही वाक्यं पाठवली, काही गंभीरपणे, काही उपरोधानं, आणि समोरच्यानं ओळखायचं होतं. पाठवणाऱ्यांना वाटलं की 78 टक्के वाक्यं बरोबर ओळखली जातील. आवाजात ऐकवली तेव्हा 73 टक्के ओळखली गेली, म्हणजे अंदाज बराच जवळ. ईमेलवर 56 टक्के. नाणं उडवलं तरी 50 मिळाले असते! वाचणाऱ्यांना पण आपण बरोबरच ओळखलं असं वाटत होतं. आणि समोरचा मित्र असला म्हणून फायदा झाला नाही, मला वाटतं वाक्यं सुटी होती, त्यांच्या मागेपुढे काही नव्हतं म्हणून. माणूस ओळखीचा असणं आणि आधी काय झालं हे माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

असं होतं काहून, तर लिहिताना आपल्याला आपलाच आवाज ऐकू येत असतो. एलिझाबेथ न्यूटननं 1990 मध्ये स्टॅनफर्डला लोकांना टेबलावर बोटांनी गाण्याची चाल वाजवायला लावली, 120 वेळा. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखतील. ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक.

यावर क्रूगर-एप्लींच्याच अभ्यासातला एक उपाय आहे, तो करून बघण्यासारखा आहे. पाठवायच्या आधी मेसेज उलट्या सुरात मोठ्यानं वाचायचा. कौतुक लिहिलं असेल तर टोमण्याच्या सुरात. त्यांच्या प्रयोगात असं वाचायला लावल्यावर पाठवणाऱ्यांचा फाजील विश्वास कमी झाला. "मानलं तुम्हाला काका" उलट्या सुरात इतकं सहज वाचता येतं की पहिल्या बिल्डिंगमधल्या ताईंनी ते करून बघितलं असतं तर टाकीखालच्या भेगेचं एक वाक्य नक्की जोडलं असतं, आणि ते वाक्य टोमण्याच्या सुरात वाचायला गेलं की जमत नाही.

वाचणाऱ्या काकांनी काय करायचं? "टोमणा मारता का?" असं विचारलं तर दोन्ही बिल्डिंगमध्ये भांडण होईल, पहिलीत उगाच आणि दुसरीत ताई "नाही हो, मी तर कौतुक केलं" म्हणून हात वर करतील, ती पळवाट टोमण्यात आधीपासूनच ठेवलेली असते. त्यापेक्षा ज्या शब्दावर शंका आहे त्याच शब्दाला साधं उत्तर द्यायचं: "ताई, एकट्यानंच झालं खरं. कोटेशन आणि बिल आता इथं टाकतो, सगळ्यांनी बघून घ्या, काही वाटलं तर पैसे द्यायच्या आधी बोलू." कौतुक असेल तर यानं काही बिघडत नाही. टोमणा असेल तर ताईंना जे पाहिजे होतं ते मिळालं आणि चारचौघांत कोणाची फजिती झाली नाही. यावर ताईंनी कोटेशनबद्दल काही विचारलं तर आधीचा मेसेज काय होता ते कळलं, आणि "अहो गळती थांबली ना, बास" असं आलं तरी कळलं.