खुर्चीतून उठण्याची चाचणी : ताकद मोजते की कार्यक्षमता?

हात छातीवर घडी करून खुर्चीतून पाच वेळा उठायचे आणि त्याला लागलेले सेकंद नोंदवायचे, ही चाचणी आज वृद्धांच्या तपासणीत इतकी रुळली आहे की ती मुळात पाच वेळांची नव्हती, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. 1985 मध्ये ती प्रथम सविस्तर मांडली गेली, तेव्हा साध्या खुर्चीतून दहा वेळा उठण्यास लागणारा वेळ मोजला गेला होता. मांडणारे डॉक्टर संधिवाताच्या रुग्णांवर उपचार करणारे होते आणि त्यांची अडचण व्यावहारिक होती. रुग्णाच्या पायाला हाताने विरोध करून ताकदीचा अंदाज घेण्याच्या नेहमीच्या पद्धतीत तपासणाऱ्याचा हातच कमी पडतो. मांडीचे स्नायू बरेच अशक्त होईपर्यंत ते त्या हाताला पुरून उरतात. शरीराचे स्वतःचे वजन हे मात्र न बदलणारे आणि पुरेसे मोठे ओझे असते. त्या मूळ मांडणीत चाचणीचा हेतू निःसंदिग्धपणे ताकद मोजणे हाच होता.

पुढच्या दहा वर्षांत ही चाचणी वृद्धापकाळाच्या अभ्यासकांच्या हाती गेली आणि तिचा हेतू सरकला. अशक्त वृद्धांना दहा वेळा उठणे झेपत नसल्याने संख्या पाचवर आली. 1994 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या लोकसंख्या-अभ्यासातून तोल सांभाळणे, थोडे अंतर चालणे आणि पाच वेळा उठणे अशा तीन भागांची 12 गुणांची चाचणी पुढे आली. तीत उठण्याला चार गुण आहेत : 11.19 सेकंदांपर्यंत पूर्ण चार, 13.69 पर्यंत तीन, 16.69 पर्यंत दोन, त्याहून जास्त लागल्यास एक आणि न जमल्यास शून्य. या गुणांकनात पायाच्या ताकदीचा वेगळा असा उल्लेखच उरला नव्हता. माणूस रोजच्या हालचाली किती निभावतो, हे पाहायचे होते.

1999 मध्ये आलेल्या तीस सेकंदांच्या प्रकाराने एक खरी उणीव भरून काढली. पाचव्या वेळी उठता न आलेल्या माणसाचा वेळच नोंदवता येत नाही. तीस सेकंदांत किती वेळा उठला हे मोजले तर दोनदा उठलेल्याचीही नोंद होते. माझ्या मते अतिशय अशक्त व्यक्तीसाठी हाच प्रकार अधिक प्रामाणिक आहे. पण सार्कोपेनियाच्या, म्हणजे वयोमानानुसार होणाऱ्या स्नायूंच्या ऱ्हासाच्या, व्याख्येत शिरकाव झाला तो पाच वेळांच्या प्रकाराचा, आणि पुढचा सारा गुंता तिथूनच सुरू होतो.

युरोपीय तज्ज्ञगटाने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्येत ताकदीसाठी प्रामुख्याने हाताची पकड होती. 2019 च्या सुधारित आवृत्तीत ताकदीला पहिले स्थान मिळाले आणि पकडीच्या जोडीला खुर्चीची चाचणीही ताकदीचे माप म्हणून दाखल झाली : पाच वेळा उठण्यास 15 सेकंदांहून अधिक लागले तर ताकद कमी, आणि सार्कोपेनियाची दाट शक्यता. हाताच्या सांध्यांचा आजार असलेल्याला पकडीचे यंत्र नीट दाबता येत नाही, त्याच्यासाठी हा पर्याय सोयीचाच आहे. पण याच आवृत्तीत आजाराची तीव्रता ठरवण्यासाठी जी कार्यक्षमतेची मापे दिली आहेत, त्यांत वर सांगितलेली 12 गुणांची चाचणीही आहे, आणि तिचा एक तृतीयांश भाग हीच उठबस आहे. म्हणजे एकच हालचाल आधी ताकद म्हणून माणसाला संशयितांत बसवते आणि नंतर कार्यक्षमता म्हणून त्याच्याच आजाराची तीव्रता वाढवू शकते.

आशियाई तज्ज्ञगटाने त्याच सुमारास, म्हणजे 2019 च्याच व्याख्येत, उलट निर्णय घेतला. तिथे ताकद म्हणजे केवळ हाताची पकड. खुर्चीची चाचणी कार्यक्षमतेच्या रकान्यात, आणि मर्यादा 15 नव्हे तर 12 सेकंद. ही मर्यादा सेकंदाला एक मीटर या चालण्याच्या वेगाशी जुळवून ठरवलेली आहे.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. सत्तरीच्या एका बाईंना पाच वेळा उठायला 14 सेकंद लागले आणि त्यांची पकड दोन्ही व्याख्यांनुसार पुरेशी आहे. युरोपीय व्याख्येनुसार त्या निर्धोक आहेत, पुढची तपासणी नाही. आशियाई व्याख्येच्या प्राथमिक आरोग्यसेवेसाठीच्या पायरीवर मात्र ताकद किंवा कार्यक्षमता यांपैकी एक कमी असली तरी पुरते, म्हणून त्याच बाई ‘संभाव्य सार्कोपेनिया’त येतात. अमेरिकी गुणांकनात त्यांना चारपैकी दोन गुण मिळतात. बाई त्याच, खुर्ची तीच, सेकंदही तेवढेच.

यात भर म्हणून घड्याळ कुठे थांबवायचे यावरही एकमत नाही. अमेरिकी चाचणीत पाचव्यांदा ताठ उभे राहताच वेळ संपते. इतर अनेक ठिकाणी पाचव्यांदा पुन्हा बसेपर्यंत मोजतात. सावकाश बसणाऱ्या माणसात ती अखेरची बैठक 14 आणि 15 मधले अंतर सहज पार करू शकते.

मग ही चाचणी खरेच ताकद मोजते का? 2002 मध्ये ऑस्ट्रेलियात 669 वृद्धांवर झालेल्या अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद हा उठण्याच्या वेळेवर परिणाम करणारा सर्वांत ठळक घटक ठरला, पण एकटा नव्हे. दृष्टी, पायांची संवेदना, तोल, प्रतिक्रियेचा वेग आणि मनःस्थिती यांचाही त्यात वाटा होता. म्हणून दुखऱ्या गुडघ्याच्या किंवा पडण्याची धास्ती घेतलेल्या माणसाला 16 सेकंद लागले, तर केवळ त्या आकड्यावरून स्नायू क्षीण झाले असे म्हणणे घाईचे ठरते. चेहऱ्यावर कळ उमटते का, पहिल्या उठण्यालाच अडखळतो की चौथ्याला थकतो, हे पाहिल्यास फरक बराचसा उलगडतो.

सेकंदांचा दुसरा दोष शरीराच्या मापाचा आहे. अलीकडे वेळेवरून स्नायूंची शक्ती, म्हणजे वॅटमधला आकडा, काढण्याचे एक सूत्र वापरले जाते : वजनाचा नव्वद टक्के भाग गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती उंच उचलला आणि त्याला किती वेळ लागला, एवढाच त्याचा गाभा. वरच्या बाईंचे वजन 48 किलो, उंची 150 सेंटीमीटर आणि खुर्ची 43 सेंटीमीटर उंच धरली, तर प्रत्येक वेळी शरीर सुमारे 32 सेंटीमीटर वर जाते आणि 14 सेकंदांना सुमारे 97 वॅट, म्हणजे किलोमागे दोन वॅट येतात. तेवढ्याच सेकंदांत 72 किलोचा, 170 सेंटीमीटर उंचीचा पुरुष शरीर 42 सेंटीमीटर उचलतो आणि 190 वॅटच्या आसपास, म्हणजे किलोमागे सुमारे 2.65 वॅट निर्माण करतो. घड्याळाला दोघे सारखेच दिसले होते.

याच सूत्रामुळे खुर्चीची उंची किती निर्णायक आहे, हेही कळते. आपल्याकडे घरोघरी असणारी प्लास्टिकची खुर्ची बसताना थोडी वाकते आणि तिला बहुधा हात असतात. चाचणीची खुर्ची मात्र टणक बैठकीची, बिनहाताची, साधारण 43 सेंटीमीटर उंच आणि भिंतीला टेकवलेली हवी. रोज जमिनीवरून उठणाऱ्या आजींना ही परीक्षा पोरखेळ वाटते, आणि मराठीत तिला ‘उठाबशा’ म्हटले की गोंधळ वाढतो, कारण उठाबशांत टेकायला बैठकच नसते. जमिनीवर बसून उठण्याची ब्राझीलमध्ये विकसित झालेली चाचणीही वेगळी आहे. तीत सेकंद मोजत नाहीत, टेकवलेल्या प्रत्येक हाताचा वा गुडघ्याचा गुण कापतात.