रोजावर की नगावर? फराळाच्या हंगामात बायका कामाला घेताना

दसरा ते लक्ष्मीपूजन हे अंतर जेमतेम वीस दिवसांचं. परदेशी जाणाऱ्या फराळाची पार्सलं त्याआधीच सुटलेली असतात आणि गावातल्या ऑर्डरी मात्र याच वीस दिवसांत येऊन आदळतात. मग फराळ करणारी मंडळी ओळखीतून, शेजारच्या वस्तीतून, बचत गटातून चार-पाच बायका पटकन बोलावतात. पैशांचं बोलणं दोन वाक्यांत उरकतं: ‘सहाशे देईन, दिवसाला तीनशे करंज्या करायच्या.’ बाई मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी कामाला येते.

या एका वाक्यात दोन वेगळे व्यवहार मिसळले आहेत. सहाशे हा रोज झाला आणि तीनशे करंज्या हा नगाचा हिशेब झाला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली बहुतेक भांडणं या मिसळीतून निघतात, कारण आपण नेमकं कशाला हो म्हटलं हे दोघांनाही ठाऊक नसतं.

रोजावर माणूस घेतलं की आपण त्याचे तास विकत घेतो. नगावर किंवा उक्त्यावर घेतलं की तयार झालेला माल घेतो. इथपर्यंत सगळ्यांनाच कळतं. खरा फरक दिसतो तो काम थांबल्यावर. समजा दुपारी सिलिंडर संपला आणि दुसरा यायला दीड तास लागला. बाई रोजावर असेल तर तो दीड तास मालकाच्या खिशातून जातो. नगावर असेल तर तो तिच्या खिशातून जातो, आणि सिलिंडर मागवणं तिच्या हातात कधीच नव्हतं. सारण वेळेवर भाजून झालं नाही, पुऱ्या लाटणारी आली नाही, वीज गेली, प्रत्येक वेळी हेच. म्हणून दर किती यापेक्षा आधी ठरवायचं ते खोळंबा कोणाच्या अंगावर पडणार हे.

‘सहाशे रोज, पण तीनशे झाल्याच पाहिजेत’ ही पद्धत या दृष्टीने सगळ्यात वाईट. तिने साडेतीनशे केल्या तर मिळतात सहाशेच, कारण तेव्हा ती रोजावर असते. अडीचशे झाल्या तर पैसे कापतात, कारण तेव्हा ती नगावर असते. दोन्हीकडचा तोटा तिचा. हुशार बाई हे दोन दिवसांत ओळखते आणि बरोबर तीनशेवर हात आखडता घेते.

आता आकडे घालून पाहू. ते उदाहरणापुरते आहेत. आपल्या कामाला आणि परिमंडळाला लागू असलेला किमान वेतनाचा दर आणि त्यावरचा विशेष भत्ता स्वतः बघून घ्यावा, महाराष्ट्रात हा भत्ता सहा-सहा महिन्यांनी बदलतो. आपण रोज ६०० रुपये आणि तोच किमान दर असं धरू. आठ तासांतला जेवणाचा आणि चहाचा वेळ वगळला की सात तास हात चालतो. पुऱ्या दुसरी कोणी लाटून देत असेल, तर सारण भरून, कड दाबून, कातण फिरवायला सरावलेली बाई तासाला ६० करंज्या करते, म्हणजे दिवसाला ४२०. मध्यम हाताची बाई ३०० करते. नवीन बाई पहिल्या दिवशी १७५ वर थांबते.

नगाचा दर काढताना मालकाचं लक्ष हमखास त्या ४२० वालीकडे जातं. ६०० भागिले ४२०, म्हणजे नगाला १ रुपया ४३ पैसे. या दराने मध्यम हाताच्या बाईला दिवसाचे ४२९ पडतात आणि चौथ्या दिवशी ती येत नाही. दर मध्यम हातावरूनच काढायचा: ६०० भागिले ३००, म्हणजे २ रुपये. मग सरावलेल्या बाईला ८४० मिळतात आणि तिला ते मिळायलाच हवेत, नगावर काम देण्यात तेवढाच तर अर्थ आहे.

नवीन बाईचं गणित मात्र २ रुपयांतही बसत नाही. १७५ करंज्यांचे होतात ३५०. नगावर काम दिलं म्हणून किमान वेतनाखाली जाता येत नाही. जुन्या किमान वेतन कायद्यातही हे होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे: कामाला फक्त वेळेचा किमान दर ठरलेला असेल, तर नगावरच्या माणसालाही निदान तेवढा मिळाला पाहिजे. म्हणजे वरचे २५० मालकानेच घालायचे. त्यापेक्षा पहिले तीन दिवस सरळ रोजावर ठेवावं. शिकण्याचे दिवस रोजावर, हात बसला की नगावर, असा बदल आधी सांगून केला तर कोणी कुरकुर करत नाही.

त्या तीन दिवसांत सगळा फराळ शिकवायला जाऊ नये. एका बाईला एकच काम द्यावं. करंजी भरणारीने फक्त करंजी भरायची, चिवडा कालवणारीने चिवडा, डबे भरणारीने वजन आणि झाकण. तळणीवर नवीन माणूस उभं करायचंच नाही. पहिल्या सकाळचा तासभर हात धुणं, नखं, बांगड्या-अंगठ्या काढणं, केस झाकणं आणि पोट बिघडलं असेल तर न लपवता सांगणं यावर घालवावा. बिघडलेल्या पोटाने आलेल्या बाईला त्या दिवशी डबे चिकटवण्यासारखं खाण्याला हात न लागणारं काम द्यावं. रोज बुडणार म्हटल्यावर ती खरं सांगणार नाही. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस हे अन्नसुरक्षेच्या नियमांतच आहे, हंगामी म्हणून त्यातून सुटका नाही. मग कामाला बसवताना सारण मोजायला एकच चमचा द्यावा आणि पहिल्या वीस करंज्या तिच्यासमोर तळून दाखवाव्यात. कड कुठे उकलली हे तिला तेलात दिसलं की वेगळं सांगावं लागत नाही.

रोजावर कोणतं काम द्यायचं आणि नगावर कोणतं, हे बाईच्या वेगावरून नाही, कढईच्या वेगावरून ठरतं. मध्यम कढईत एका घाण्यात ३० करंज्या बसतात आणि मंद आचेवर दहा मिनिटं लागतात असं धरलं, तर तासाला १८०, सात तासांत १२६०. म्हणजे ४२० वाल्या तीन बायका किंवा ३०० वाल्या चार बायका एका कढईला पुरतात. मध्यम हाताच्या चौघींना नगावर बसवलं आणि हात बसल्यावर त्याही ४२० वर गेल्या, तर दिवसाला १६८० करंज्या होतील. उरलेल्या ४२० ताटात पडून राहतात. वरचा ओला फडका वाळला की पारी सुकते, कड उकलते, तेलात सारण सांडतं, ते जळून तेल काळं पडतं आणि पुढचे घाणे डागाळतात. फडका फार ओला असेल तर पारीवर फोड येतात. आपण मात्र दोष बाईच्या हाताला देतो. खरं तर तिने आपण सांगितलं तेच केलं होतं, जास्त केल्या होत्या.

हे ओळखण्याची खूण सोपी आहे. तळणीच्या बाजूला तीनपेक्षा जास्त भरलेली ताटं दिसली की भरणं थांबवायचं आणि त्या बायकांना तासावर दुसरं काम द्यायचं. उलट तळणारी रिकामी उभी असेल तर भरणाऱ्या कमी आहेत. तळणारीला स्वतःला कधीही किलोवर किंवा घाण्यावर ठेवू नये. ती आच वाढवते, रंग लवकर येतो आणि करंजी दोन दिवसांत मऊ पडते. भाजणी, चिवडा, लाडवाचा पाक हीसुद्धा रोजाचीच कामं. नगावर शोभतात ती मोजता येणारी आणि कढईपासून सुटी असलेली कामं, म्हणजे डबे भरणं, लेबल लावणं, भेटीच्या टोपल्या बांधणं.

चकलीचं काय, असं कोणीतरी विचारणारच. सोऱ्याने पाडलेली चकली लगेच तेलात जायला हवी, म्हणून पाडणारी आणि तळणारी ही जोडी एकाच पद्धतीवर ठेवावी. शिवाय चकली तुटली तर दोष पाडणारीचा की पिठाचा हे सांगता येत नाही. मोहन जास्त झालं तर ती तेलात विरघळते, पीठ कोरडं राहिलं तर पाडतानाच तुटते. पीठ भिजवणारी तिसरीच असते. अशा कामात तुटीचे पैसे कापणं मला अन्यायाचं वाटतं, मी ते रोजावरच ठेवेन.

अटी तोंडी सांगून भागत नाही. एका कागदावर दोन प्रती कराव्यात, त्यात कायद्याची भाषा नको. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती ते किती वाजेपर्यंत, सुट्टी कधी, खाडा झाला तर काय, आणि रोज किंवा नगाचा दर. नगावर असेल तर आणखी तीन ओळी हव्यात. पहिली: मोजणी रोज संध्याकाळी दोघांसमोर होईल आणि आकडा तिच्याही वहीत लिहिला जाईल. दुसरी: कोणता नग नाकारला जाईल, म्हणजे कड उघडी किंवा ठरलेल्या वजनाच्या बाहेर. मोजणी तळण्याआधीच करायची, म्हणजे तळणीत बिघडलेला माल तिच्या नावावर जाणार नाही. तिसरी: खोळंबा अर्ध्या तासाच्या वर गेला तर तासाचे पैसे मिळतील, आपल्या उदाहरणात ६०० भागिले ८, म्हणजे ७५ रुपये. उचल दिली तर ती कधी आणि किती हप्त्यांत वळती होणार, हेही त्याच कागदावर.

शेवटच्या आठवड्यात तास वाढतात. कायदा जादा तासांना दुप्पट दर सांगतो. रोजावरच्या बाईला हा हिशेब सरळ लागतो. नगावरच्या बाईच्या बाबतीत मालक म्हणतो, ‘ती जास्त थांबली तर जास्त नग होतात, तिलाच फायदा.’ हे म्हणणं टिकत नाही. नगावर असली तरी तिचा दिवस अमर्याद होत नाही. म्हणून नगावरच्या बायकांचीही येण्या-जाण्याची वेळ हजेरीत लिहावी. बहुतेक ठिकाणी ती लिहिलेली नसते.

हिशेब चुकता करण्यात सगळे घसरतात. रोजावर घेतलेल्या माणसाचे पैसे पाळी संपताना आणि आठवड्यावर घेतलेल्याचे आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी द्यायचे असतात. काम सोडलं किंवा सोडायला लावलं तर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशेब, असं वेतन संहिता सांगते. ‘पाडव्यानंतर बघू’ हे त्यात बसत नाही. बोनसचाही एक बारकावा आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, वर्षात तीस दिवस काम झालेला माणूस कायद्याने बोनसच्या कक्षेत येऊ शकतो. पार्सलच्या हंगामापासून आलेली बाई तो आकडा सहज ओलांडते, मग ती रोजावर असो की नगावर. निघताना हातात ठेवलेला फराळाचा डबा किंवा साडी ही दिवाळी झाली, ती या हिशेबात धरायची नाही.