अनसबस्क्राइब बटण (ई-मेल)

मेल ॲपमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी किंवा मेलच्या वरच्या पट्टीत दिसणारे बटण. ते दाबले की आपला पत्ता यादीतून काढावा अशी विनंती पाठवणाऱ्याकडे जाते. बटण मेल अडवत नाही, अडवण्याचे काम ‘ब्लॉक’चे. विनंती मानायची की नाही हे पाठवणाऱ्याच्या हाती राहते.

मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत असते ती अनसबस्क्राइबची लिंक निराळी. ती मजकुराचा भाग असते, पाठवणाऱ्याने लिहिलेली, आणि कुठे नेईल हेही तोच ठरवतो. बटण मात्र ॲप स्वतः दाखवते, मेलच्या हेडरमधली, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या पण एरवी न दिसणाऱ्या माहितीतली, एक ओळ वाचून. नाव एकच असल्यामुळे दोन्हींची गल्लत होते आणि ‘अनसबस्क्राइब दाबू नका, धोका असतो’ हा सल्ला सरसकट दोघांनाही लावला जातो. तो मुख्यतः लिंकेला लागू आहे.

हेडरमधल्या त्या ओळीचे नाव `List-Unsubscribe`. १९९८ साली आरएफसी २३६९ या इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या दस्तऐवजात ती ठरली. तिच्यात एक मेल-पत्ता, एक वेब-पत्ता किंवा दोन्ही असतात. पण नुसत्या वेब-पत्त्याने एक घोळ व्हायचा. कार्यालयांतली सुरक्षा-सॉफ्टवेअर मेल पोचवण्याआधी त्यातल्या लिंका उघडून तपासतात. लिंक उघडताच नाव काढून टाकणारी यादी असली, तर माणसाने मेल पाहण्याआधीच त्याचे नाव कटायचे. म्हणून बहुतेक याद्या लिंकेमागे ‘नक्की काढायचे का?’ असे पान ठेवू लागल्या. पण ॲपला ते पान परस्पर पार करता येईना. यावरचा तोडगा २०१७ च्या आरएफसी ८०५८ ने दिला. हेडरमध्ये दुसरी ओळ आली:

```
List-Unsubscribe: <mailto:leave@news.example.com?subject=7f3a91>,
 <https://news.example.com/u/7f3a91>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

इथे `7f3a91` ही तुमची खूण आहे. प्रत्येक वाचकाला वेगळी खूण असते, त्यामुळे पत्ता पुन्हा विचारावा लागत नाही. दुसऱ्या ओळीचा अर्थ असा की या वेब-पत्त्यावर पान न उघडता थेट विनंती टाकली तरी चालेल. बटण दाबल्यावर मग एवढेच जाते:

```
POST /u/7f3a91 HTTP/1.1
Host: news.example.com
Content-Type: application/x-www-form-urlencoded
Content-Length: 26

List-Unsubscribe=One-Click
```

लिंका तपासणारे सॉफ्टवेअर `GET` पद्धतीने पान मागते, `POST` करत नाही. त्यामुळे चुकून नाव कटण्याचा प्रश्न मिटतो. या विनंतीसोबत कुकी किंवा लॉगिनची माहिती जाता कामा नये, असे नियमातच आहे. ब्राउझर उघडत नाही, म्हणून फसवे पान समोर येण्याची सोयच उरत नाही. शिवाय या दोन्ही ओळी पाठवणाऱ्या डोमेनच्या डीकेआयएम या डिजिटल सहीखाली असाव्या लागतात. म्हणजे वाटेत कुणी वेब-पत्ता बदलला तर सही जुळत नाही. सहीवरून माणूस सज्जन आहे हे मात्र कळत नाही. ठगही स्वतःच्या डोमेनची सही करू शकतो. म्हणून हेडर असूनही ॲप बटण दाखवेलच असे नाही, पाठवणाऱ्याची पतही पाहिली जाते.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर जाहिरातवजा मेल पाठवणाऱ्यांना ही एका टिचकीची सोय टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. जीमेलच्या हिशेबात दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणारा ‘मोठा’ ठरतो. विनंती दोन दिवसांत मानली गेली पाहिजे अशीही अट आहे. त्यामुळे आज दाबले आणि उद्या एक मेल आला तर घाबरायला नको, तो आधीच रांगेत लागलेला असू शकतो. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात हीच मुदत कामकाजाचे १० दिवस आहे.

हेडरमध्ये फक्त मेल-पत्ता असेल तर प्रकार बदलतो. ॲप तुमच्या नावाने त्या पत्त्यावर एक छोटा मेल धाडते, आणि काही ॲपमध्ये तो ‘पाठवलेले’मध्ये दिसतोही. इथे एक चूक वारंवार घडते. जुन्या पत्त्यावरचे मेल नव्या पत्त्याकडे आपोआप वळवलेले असतात आणि बटण दाबल्यावर विनंती नव्या पत्त्यावरून जाते. मेलमध्ये खूण नसेल तर यादीला तो पत्ता सापडत नाही आणि मेल येतच राहतात. मग जुन्याच खात्यातून दाबावे लागते. उलट बाजूची चूकही नेहमीची: आलेले वार्तापत्र मित्राला फॉरवर्ड केले आणि त्याने तळाची लिंक दाबली, तर खूण तुमची असल्याने नाव तुमचे कटते.

हेडरमध्ये वेब-पत्ता आहे पण दुसरी ओळ नाही, अशा वेळी जीमेल विनंती स्वतः न पाठवता पाठवणाऱ्याच्या संकेतस्थळाकडे जायला सांगते. त्या क्षणी बटण आणि लिंक यांतला फरक संपतो. पुढची सावधगिरी लिंकेइतकीच घ्यावी.

ती कशी घ्यायची हे पानच सांगते. नाव काढायला फार तर मेल-पत्ता पुरतो. पासवर्ड, कार्ड क्रमांक, फोनवरचा ओटीपी, एखादे ॲप उतरवून घेण्याची विनंती, यांतले काहीही समोर आले तर पान बंद करावे. पत्त्याच्या पट्टीतले डोमेन पाठवणाऱ्याचे किंवा त्याच्या मेल-सेवेचे आहे का तेही पाहावे. अनेक प्रामाणिक कंपन्या त्रयस्थ सेवेमार्फत मेल पाठवतात, तेव्हा नुसते वेगळे डोमेन हा पुरावा नव्हे. शंका असेल तर त्या कंपनीचे संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडावे आणि खात्याच्या सेटिंगमधून मेल बंद करावेत.

बटण दाबण्यायोग्य मेल ओळखायला एक प्रश्न पुरतो: हा पत्ता आपण कधी यांना दिला होता का? खरेदी, नोंदणी, वार्तापत्र असे काही आठवत असेल आणि मेल इनबॉक्समध्ये आला असेल तर बटण निर्धास्त दाबावे. स्पॅम फोल्डरमध्ये पडलेल्या, अनोळखी माणसाच्या मेलला अनसबस्क्राइब करू नये. स्पॅमवाला मुळात यादी पाळत नाही, आणि उत्तर गेले तर पत्ता चालू असून कुणीतरी वाचते आहे हे त्याला कळते. मेल उघडताना चित्रे लोड झाली असतील तर हे त्याला आधीच कळलेले असते म्हणा. अशा मेलला ‘स्पॅम’ हेच बटण.

प्रामाणिक ठिकाणीही नाव काढले म्हणजे माहिती पुसली गेली असे होत नाही. तुमचा पत्ता ‘पाठवू नये’ अशा वेगळ्या यादीत जपून ठेवावा लागतो, नाहीतर पुढच्या वेळी ग्राहकांची जुनी फाइल चढवताना तो पुन्हा आत येतो. एकाच कंपनीच्या सवलती, वार्तापत्र आणि सर्वेक्षण या तीन निराळ्या याद्या असू शकतात. बटणाने त्यांतली ज्या यादीचा मेल उघडा आहे तीच सुटते. पावत्या आणि पासवर्ड बदलाच्या सूचना जाहिरातींच्या यादीत नसतातच, त्या येतच राहतात.