नव्या किड्याला शास्त्रीय नाव द्यायचंय? अर्ज कुठे, कागदपत्रं कोणती

धारणीकडच्या एका शेतकऱ्याने गेल्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या डबीत एक शेणकिडा आणून दिला. वावराच्या धुऱ्यावर, बैलाच्या शेणात सापडलेला. डोक्यावरचं शिंग नेहमीच्या किड्यांपेक्षा वेगळं होतं. "गुरुजी, हा नवा निघाला तर नावाचा अर्ज कोणत्या ऑफिसात टाकायचा?" हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

अर्ज कुठेच टाकायचा नसतो. फी नाही, मंजुरी नाही, प्रमाणपत्रही नाही. प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय नियमसंहिता आहे. तिच्यातल्या अटी पाळून किड्याचं वर्णन आणि नाव प्रसिद्ध झालं, की त्या तारखेपासून नाव लागू होतं. पात्रतेची अटही नाही, पदवी नसलेला माणूसही नाव देऊ शकतो. मात्र त्या गटाचा जाणकार सोबत नसेल तर पुढचं काम निभत नाही.

खरा दस्तऐवज म्हणजे तो किडाच. ज्या एका नमुन्यावर नाव कायमचं टांगलं जातं त्याला होलोटाइप म्हणतात. कोणता नमुना होलोटाइप आहे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे, हे लेखात स्पष्ट लिहावं लागतं. म्हणून किडा टाचणीवर नीट लावायचा. शेणकिड्यासारख्या भुंग्याची टाचणी उजव्या कठीण पंखातून जाते. खाली चिठ्ठी हवी: गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, कशात सापडला. धारणीच्या त्या डबीत एकच किडा होता आणि चिठ्ठी नव्हती. आम्ही पुन्हा त्याच धुऱ्यावर गेलो, नर-मादी मिळून आणखी नमुने गोळा केले आणि तारखेसह नोंद केली.

नमुने व्याघ्रप्रकल्पातून किंवा अभयारण्यातून आणायचे असतील तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी आधी घ्यायची. शिवाय 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 39 प्रमाणे नवी प्रजाती सापडल्यास नेमून दिलेल्या संग्रहसंस्थेला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी संस्था आहे. जमा केल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक लेखात द्यावा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो "हा खरंच नवा आहे का" हे ठरवण्यात. फोटोवरून हे ठरत नाही. शिंग तर एकाच प्रजातीच्या लहान-मोठ्या नरांतही वेगवेगळं असतं. भरवशाची खूण म्हणजे नराच्या जननेंद्रियाचा आकार, तो सूक्ष्मदर्शकाखाली काढून पाहावा लागतो. भारतातल्या शेणकिड्यांवरचा ब्रिटिश काळातला मोठा ग्रंथ 1931 चा आहे. त्यातली वर्णनं आणि लंडनच्या संग्रहालयातले जुने नमुने ताडून पाहिल्याशिवाय नवा म्हणू नये. आधीच नाव असलेल्या किड्याला आपण पुन्हा नाव दिलं, तर जुनं नाव टिकतं आणि आपलं बाद होतं.

आता नाव घडवायचं. समजा किडा ऑन्थोफॅगस या वंशातला आहे. वंशाचं नाव पुल्लिंगी आहे, म्हणून विदर्भावरून विशेषण केलं तर ते vidarbhensis होईल. वंश नपुंसकलिंगी असता तर vidarbhense झालं असतं. माणसाच्या नावाला पुरुषासाठी -i, स्त्रीसाठी -ae, अनेक पुरुषांसाठी किंवा स्त्री-पुरुष मिळून असतील तर -orum लागतो. सुमन नावाच्या बाईंवरून sumanae. 26/11 च्या हल्ल्यात शहीद झालेले तुकाराम ओंबळे यांच्यावरून 2021 मध्ये एका कोळ्याला Icius tukarami हे नाव मिळालं, तेही याच नियमाने. स्वतःचंच नाव देऊ नये, हा नियम नसून संकेत आहे. म्हणून सापडवणाऱ्याशी आधीच बोलून घ्यावं: लेखात सहलेखक व्हायचं, की किड्याला त्याचं नाव द्यायचं? मला दोन्ही मान सारखेच वाटतात, पण निर्णय त्याचा हवा.

लेखात नावापुढे sp. nov. लिहायचं, म्हणजे प्रजाती नवी आहे हे स्पष्ट होतं. सोबत इतर प्रजातींपासूनचे फरक द्यायचे. नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत लेखाची आधी नोंदणी हवी आणि तो क्रमांक लेखात छापलेला हवा, नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही. ही नोंदणी मोफत आहे. लेख येण्याआधी व्हॉट्सॲपवर किंवा वर्तमानपत्रात नाव फोडू नका. वर्णनाशिवाय आलेल्या नावाला काहीच दर्जा नसतो.

वनस्पतींची नियमसंहिता वेगळी आहे. तिथे दाबून वाळवलेला नमुना एका ठरावीक वनस्पतिसंग्रहात हवा आणि वर्णन किंवा फरक इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये हवेत. प्राण्यांत वंश आणि प्रजातीचं नाव एकच चालतं, वनस्पतींत चालत नाही.

धारणीचा किडा सध्या तज्ज्ञाकडे आहे, जननेंद्रियाची चित्रं काढणं चालू आहे. शेतकऱ्याने सहलेखक व्हायचं ठरवलंय.